सोडतो म्हणणाऱ्याला नको म्हणताना

आळेफाट्यावरच्या एका निरोप समारंभात एक निवृत्त मुख्याध्यापक भाषणाच्या ओघात म्हणाले, "आजकालच्या मुलींना कामावरच्या माणसानं रात्री गाडीवर बस म्हटलं तरी संशय येतो. शहराची हवा लागली दुसरं काय." टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी त्यांनी तोच मुद्दा जरा फोड करून सांगितला. आपल्या भागात कोण परकं आहे? ज्याला नाही म्हणायचं त्याच्या आईला तुम्ही आत्या म्हणता. दुसरं, रात्री वाटेत बिबट्या असताना संशय घेत बसायचं की घर गाठायचं? आणि तिसरं, भल्या माणसाला नको म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला नालायक ठरवणं.

गुरुजी भले गृहस्थ आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आज परिचारिका आहेत, बँकेत आहेत, पतसंस्थेत आहेत. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. म्हणूनच ते खोडून काढायला हवं, कारण खोट नसलेल्या माणसाचं म्हणणं घराघरात पोचतं आणि मग आईच पोरीला सांगते, "अगं सोडतोय ना तो, कशाला नखरे करतेस?"

आधी रस्ता काय आहे ते बघू. आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यामुळे फाट्यावर दवाखाने आले, लॅब आल्या, मेडिकल आले, हॉटेलं आली. तिथं कामाला येणाऱ्या पोरी आजूबाजूच्या गावांतल्या. नगरच्या दिशेनं निघालं की आळे, बेल्हे ही गावं मागे पडतात, मग घाट चढायचा आणि वर आण्याचं पठार. खाली कालव्याचं पाणी आणि ऊस, वर पाण्याची ओरड. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी. बाहेरच्या माणसाला आणे ठाऊक असतं ते रंगदास स्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीमुळे. पण दुपारी दोन ते रात्री दहा अशी पाळी करणाऱ्या मुलीला आणे म्हणजे घाटाच्या वरचं, रस्त्यावरच्या थांब्यापासून आणखी आत असलेलं घर. लांब पल्ल्याची एसटी रात्री महामार्गावरून जाते, पण ती वस्तीच्या तोंडाशी थोडीच थांबते? म्हणजे अडचण खरी आहे. गुरुजींचं एवढं म्हणणं मी बिनशर्त मान्य करते.

बिबट्याही खरा आहे. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि इथला बिबट्या जंगलापेक्षा उसात वाढलेला आहे. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र काही शोभेसाठी बांधलेलं नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला तो त्या रागातूनच. तेव्हा "बिबट्याला काय घाबरायचं" असलं शहरी शहाणपण मी सांगणार नाही.

पण बिबट्याच्या भीतीवरून निष्कर्ष काय काढायचा, तिथं माझं गुरुजींशी जमत नाही. बिबट्या हल्ला कुणावर करतो हे या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. एकट्यावर, लहानग्यावर, खाली वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर, अंधार पडताना किंवा उजाडायच्या आत, उसाच्या कडेनं. आणि दुचाकीवरच्या माणसांवर त्यानं झेप घेतल्याचे प्रकार आपल्याच तालुक्यात घडले आहेत. मग बिबट्यापासून वाचायला काय लागतं? बंद गाडी लागते, दोन-तीन माणसं लागतात, आणि रस्ता सोडून वस्तीकडे वळायचं त्या शेवटच्या पट्ट्यात हातात बॅटरी घेऊन समोरून आलेलं घरचं माणूस लागतं. या तिन्हींतली एकही गोष्ट सहकाऱ्याच्या दुचाकीच्या मागच्या सीटवर मिळत नाही. तो तिला फार तर थांब्यापर्यंत सोडील किंवा अंधारातून आत वस्तीपर्यंत नेईल, आणि परतताना तो स्वतःच एकटा असेल. बिबट्याचा खरा विचार केला तर उत्तर 'चारचाकी आणि सोबत' असं येतं. 'अमक्याच्या गाडीवर बस' असं येत नाही. बिबट्या दाखवून लिफ्ट घ्यायला लावणाऱ्यांनी हे एकदा तपासून बघावं.

आता ओळखीचा मुद्दा. इथं दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. मुलींना घाबरवायचं असतं तेव्हा लोक पुण्याच्या दोन घटना सांगतात. २००७ च्या नोव्हेंबरात बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला कंपनीनंच लावलेल्या कॅबच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं गहुंज्याजवळ नेऊन मारलं. २००९ च्या ऑक्टोबरात खराडीला घरी जायला वाहनाची वाट बघत उभ्या असलेल्या संगणक अभियंता महिलेला कॅबचालकानं लिफ्ट दिली, आणि तिचा मृतदेह खेड तालुक्यात सापडला. दोन्ही प्रकरणांत शिक्षा झाल्या. या घटना विसरू नयेत. पण त्यांतला कुणीही शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी नव्हता. सहकाऱ्याला नको म्हणायचं कारण म्हणून त्या वापरणं म्हणजे एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारणं. ते मी करणार नाही.

गुरुजी मात्र नेमका उलटा धागा धरतात. ते म्हणतात, तिथं अनोळखी माणसं होती, इथं सगळे ओळखीचे, मग भीती कसली? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात. बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचं वचन दिलेला, असे सगळे त्यात येतात. या आकड्यावरून प्रत्येक ओळखीचा माणूस धोक्याचा ठरत नाही, तसं कुणी म्हणू लागलं तर मी गुरुजींच्या बाजूनं उभी राहीन. पण 'ओळखीचा आहे म्हणून निर्धास्त' हे गणित मात्र त्यातून साफ मोडतं. ओळख ही हमी नसते. आणि ज्याच्या आईला आपण आत्या म्हणतो त्याच्याविरुद्ध काही बोलायची वेळ आलीच, तर गाव कुणाच्या बाजूनं उभं राहील हे त्या मुलीला पक्कं ठाऊक असतं. ओळखीमुळे नकार अवघड होतो, तक्रार त्याहून अवघड होते. गुरुजींनी ही बाजू विचारात घेतलेली दिसली नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात जोरकस: नको म्हणणं म्हणजे अपमान. खरा वाद इथंच आहे.

मुलगी रात्री दहा वाजता "नको" म्हणते तेव्हा तिच्या मनात काय काय असू शकतं बघा. त्यानं संध्याकाळी कुणाबरोबर थोडी घेतली असेल अशी शंका. दुसरं हेल्मेट नाही. दुचाकीचा विमा नुसता थर्ड पार्टीचा असला तर फुकट मागे बसवलेल्याची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच म्हटलंय, आणि घाटात घसरगुंडी झाली तर दवाखान्याचं बिल तिच्या बापाला भरायचंय. तिला पाळी आली असेल. तिला दिवसभर लोकांशी बोलून कंटाळा आला असेल आणि वाटेत गप्पा नको असतील. बेल्ह्याच्या चौकात कुणीतरी दोघांना बघेल आणि सकाळी चहाच्या टपरीवर लग्न जमवून मोकळं होईल, याची धास्ती असेल. आणि हो, त्या माणसाची नजर तिला आवडत नसेल हेही असू शकतं. यांतलं नेमकं काय, हे विचारायचा अधिकार त्याला नाही. नकार त्याच्या चारित्र्यावरचा निकाल आहे असं धरून चालणं, हे त्याचं स्वतःबद्दलचं जरा जास्तच कौतुक झालं.

शिवाय लिफ्ट घेतली की हिशेब सुरू होतो. आज सोडलं, उद्या सोडलं, परवा तो सुट्टीवर असताना तिनं त्याची ड्युटी करायची. तेरवा त्यानं कुणाबद्दल तिचं मत विचारलं तर मोकळेपणानं सांगायचं. माणूस वाईट असायची गरज नाही, उपकार असाच चालतो. कामाच्या ठिकाणी ज्याच्याशी आपल्याला सरळ आठ तास काढायचे आहेत त्याच्याशी हे खातं उघडायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा आहे.

आता नको म्हणायचं कसं? यातच बहुतेक पोरी फसतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपण मुलींना नकार द्यायला शिकवत नाही, सबबी द्यायला शिकवतो. खासगी रुग्णालयात काम करणारी पठारावरची कुठलीही मुलगी घ्या. रात्रीचे दहा, गल्ल्यावरचा सहकारी चावी फिरवत उभा.

"चल, सोडतो तुला."

"नको दादा, भाऊ येणारे न्यायला."

"अगं त्याला कशाला एवढ्या रात्री घाट उतरायला लावतेस? फोन लाव, सांग नको येऊ."

भाऊ येणार नसतोच. ती गडबडते. मग म्हणते, एसटीनं जाईन. तो म्हणतो, ती तर मघाशीच गेली. ती म्हणते, घरचे रागावतील. आता तो हसतो आणि म्हणतो, "तुझ्या वडलांना मी ओळखतो, लाव फोन, मीच बोलतो." इथं तिची सगळी दारं बंद झाली. प्रत्येक सबब ही सोडवायची अडचण असते, आणि समोरचा प्रामाणिकपणे, कदाचित भलेपणानंही, एकेक अडचण सोडवत जातो. शेवटी उरतं ते फक्त "मला तुमच्याबरोबर यायचं नाही", आणि ते एवढं उघडं पडल्यावर म्हणणं तिला जमत नाही. ती गाडीवर बसते.

आता तोच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेनं.

"चल, सोडतो तुला."

"नको दादा, थँक्यू. माझी जायची सोय झालीये."

"कशी जाणारेस?"

"सोय आहे. तुम्ही निघा, तुम्हालाही लांब जायचंय."

"अगं मी त्याच रस्त्यानं चाललोय."

"माहितीये. तरी नको."

"विश्वास नाही का माझ्यावर?"

"तुमचा प्रश्नच नाही दादा. रात्रीची मी कामावरच्या कुणाबरोबरच एकटी जात नाही. ठरवलंय तसं."

यात उद्धट काय आहे? आभार आहेत, 'तुम्ही' आहे, 'दादा' आहे. पण सबब एकही नाही, त्यामुळे सोडवायला काही उरत नाही. "सोय आहे" यात कसली सोय, कुठून, किती वाजता, हे येत नाही आणि ते सांगायचंही नाही. "कुणाबरोबरच" हा शब्द सगळ्यात कामाचा, कारण त्यानं गोष्ट त्या एका माणसावरून उठून तिच्या रीतीवर जाते आणि त्याचा मानही राहतो. एक अट मात्र आहे. ती रीत खरी पाळावी लागते. सोमवारी याला नको म्हटलं आणि बुधवारी दुसऱ्याच्या गाडीवर बसली, तर पहिल्याला खरंच अपमान वाटेल आणि त्यात त्याची चूक नसेल. म्हणून पाळता येईल तेवढीच रीत ठरवावी. दोघी मिळून कुणाबरोबर जाणं चालत असेल, तर "एकटी" हा शब्द त्यासाठीच आहे.

वाक्यं बदलायची नाहीत हेही शिकावं लागतं. तिसऱ्यांदा विचारलं की आपल्याला वाटतं आता काहीतरी नवं, जास्त पटणारं सांगायला हवं. तसं काही नसतं. पहिलं वाक्य पुन्हा म्हणायचं, त्याच आवाजात. "सॉरी" म्हणायचं नाही, कारण चूक झालेली नाही. "आज नको, पुढच्या वेळी" तर मुळीच नाही. पुढची वेळ उद्याच येते, आणि तेव्हा शब्द आपणच दिलेला असतो. बोलताना पायही हलवायचे नाहीत. काउंटरजवळ, उजेडात, वॉचमनच्या नजरेसमोर उभं राहून बोलायचं. बोलत बोलत त्याच्याबरोबर पार्किंगपर्यंत चालत गेलं की अर्धा होकार झाला. हातातली पर्स कुणी "दे, डिकीत ठेवतो" म्हणून घेऊ लागलं तर पर्स सोडायची नाही, कारण मग पर्सच्या मागं आपल्याला जावं लागतं.

आणि सोय खरोखर असली पाहिजे. नकाराची तयारी रात्री दहाला सुरू होत नाही, ती दुपारी घरून निघतानाच करायची असते. त्या दिवशी त्याच दिशेला जाणारं आणखी कोण आहे, भाऊ किंवा वडील बेल्ह्यापर्यंत येऊ शकतात का, फाट्यावरचा माहितीतला चारचाकीवाला किती घेईल, काहीच नाही जमलं तर परिचारिकांच्या खोलीत झोपून सकाळच्या एसटीनं जाता येईल का. पर्याय हातात असलेल्या मुलीचा आवाज वेगळा लागतो, समोरच्यालाही ते कळतं. हातात काही नसताना नुसत्या धाडसावर नको म्हणणारी मुलगी दहा मिनिटांनी रिकाम्या फाट्यावर उभी असते, आणि तो पुन्हा फिरून येतो. मुलींना "ठाम राहा" सांगणारे लोक हा भाग सांगतच नाहीत.

विचारणारा डॉक्टर असेल, मालक असेल, किंवा ड्युटीचा तक्ता लावणारी व्यक्ती असेल तर? वाक्यं तीच, "सर" लावून. फरक एवढाच की अशा नकाराची दुसऱ्या दिवशी कुणाला तरी कल्पना देऊन ठेवायची, शक्यतो मोठ्या सिस्टरला. कुरबूर म्हणून नाही, नुसतं सांगायचं, "काल सर सोडतो म्हणाले, मी नको म्हटलं." पुढं आठवडाभरात तिच्या पाळ्या विनाकारण रात्रीच्या लागायला लागल्या, तर हे एक वाक्य फार उपयोगी पडतं.

नकार दिल्यानंतर माणूस ओळखू येतो, आधी नाही. भला असेल तर "बरं, जपून जा" म्हणून गाडीला किक मारतो आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखाच बोलतो. थोडा खट्टू झाला तरी दोन दिवसांत विसरतो. चिंता करायची ती निराळ्या गोष्टींची. चौथ्यांदा, पाचव्यांदा विचारणं. ती ज्या रिक्षात बसली तिच्या मागं गाडी ठेवणं. दुसऱ्या दिवशी इतरांसमोर "हिला आमची गाडी चालत नाही" असे टोमणे. रात्री घरी पोचलीस का म्हणून मेसेजवर मेसेज. असं होऊ लागलं तर तारीख, वेळ आणि बोललेले शब्द लिहून ठेवायचे, मेसेज पुसायचे नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तक्रार घटनेपासून, आणि प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी द्यायची, आणि समितीला ही मुदत सबळ कारणासाठी आणखी तीन महिने वाढवता येते. लहान दवाखान्यात समिती नसते किंवा मालकाविरुद्धच तक्रार असते, तेव्हा जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि तालुक्याला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दिलेली तक्रार त्यानं सात दिवसांत तिकडं पाठवायची असते. मालकानं दिलेल्या गाडीत काही घडलं तर तो प्रवास कायद्याच्या भाषेत कामाचीच जागा धरला जातो. सहकाऱ्याच्या स्वतःच्या मोटारसायकलवर घडलं तर वकील त्यावर वाद घालत बसतील. गाडीवर बसायच्या आधी हा फरक माहीत असलेला बरा. रस्त्यात वेळ आलीच तर ११२ लावायचा.

गुरुजी विचारतील, मग काय कधीच बसायचं नाही? तसं मी म्हणत नाही. मुसळधार पाऊस आहे, बाप आजारी असल्याचा निरोप आलाय, सोय मोडली आहे आणि विचारणारा माणूस तिच्या पारखीनुसार नीट आहे, तर तिनं जरूर जावं. निघायच्या आधी त्याच्यासमोरच घरी फोन लावून कुणाबरोबर, कुठल्या गाडीवर येतेय ते सांगावं. भल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, उलट बरं वाटतं. हा निर्णय तिचा, त्या रात्रीपुरता. माझं भांडण एवढंच आहे की जाणं हा तिचा निर्णय असला तर न जाणंही असला पाहिजे, आणि त्याला शहराची हवा म्हणायचं कारण नाही.

जे पुरुष खरंच मदत करू बघतात त्यांनाही सांगायला हवं, कारण त्यांतले कित्येक चांगलेच आहेत. विचारायचं असेल तर दिवसा विचारा, चारचौघांत विचारा, "आज रात्री आमची गाडी त्या बाजूला जातेय, माझी बायकोही आहे, कुणाला यायचंय का?" असं सगळ्यांना विचारा. रात्री दहाला एकट्या मुलीला गाठून विचारू नका. आणि एकदा नको म्हटलं की पुन्हा विचारू नका. दुसऱ्यांदा विचारलेलं आग्रहाचं जेवण वाटतं आपल्याला, तिला ते तसं वाटत नाही.

आता त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत बसलेल्या मंडळींकडे वळते, कारण त्यांत रुग्णालयांचे मालकही होते. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायदा डॉक्टरांच्या रुग्णालयांनाही आस्थापना म्हणतो. त्याच्या तेराव्या कलमानुसार बाईला सकाळी सात ते रात्री साडेनऊ एवढ्याच वेळात कामाला ठेवता येतं. त्यानंतर ठेवायचं तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षेची व्यवस्था लागते आणि कामाच्या जागेपासून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहन द्यावं लागतं. दहाला सुटणारी पाळी या रेषेच्या अर्धा तास पलीकडे जाते. हे फार कमी मुलींना ठाऊक असतं, आणि मालकांना ठाऊक असलं तरी सोयीनं विसरलेलं असतं. फार लहान दवाखान्यांना या कायद्यातून सुटायला वाट आहे हे खरं, पण फाट्यावरची सगळीच रुग्णालयं काही लहान नाहीत.

सहकारी रोज सोडतोय म्हटल्यावर मालकाला गाडी लावायची गरजच वाटत नाही. त्याचा डिझेलचा खर्च वाचतो, आणि बिल मात्र नकोशा उपकाराच्या रूपानं त्या पोरीच्या नावावर चढतं. नकार देणाऱ्या मुलीला माणुसकी शिकवण्याआधी गुरुजींनी हे त्या मंडपातच विचारायला हवं होतं, त्यांचा शब्द तिथं मानला गेला असता. अजूनही विचारता येईल. पाळी साडेनऊला संपवा, नाही तर घाट चढून वस्तीपर्यंत जाणारी चारचाकी लावा. दोन-तीन मुली एका बाजूच्या असतील तर एकाच फेरीत भागतं. ही जबाबदारी मालकाची आहे, आणि गल्ल्यावरच्या पोराच्या मोटारसायकलवर ती ढकलता येणार नाही.